इंटीरियर किंवा फॅशन : डिग्री, हाताखाली शिकणं की थेट स्वतःचं काम? (बेळगाव-खानापूर-निपाणी भाग)

खानापूरची_मावशी
नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा सेकंड पीयूसी झाली, कॉमर्सला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. चित्रकला चांगली आहे. आधी फॅशन म्हणत होती, आता दोन महिने इंटीरियर म्हणत्येय. घरचं बजेट सगळं मिळून सहा लाखांच्या आत, त्यात हॉस्टेलही आलं.

समोर तीन रस्ते आहेत. बेंगळूरु किंवा पुण्यात चार वर्षांचं बी.डेस. नाहीतर इथेच आयटीआयचा वर्षाचा ट्रेड करायचा. तिसरा म्हणजे बेळगावात कुणाच्या स्टुडिओत किंवा बुटीकमध्ये बसून शिकायचं आणि मग स्वतःचं सुरू करायचं. भाऊजी म्हणतात डिग्रीच. भाची म्हणते शिकता शिकता कमवते. ज्यांनी यातलं काही प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहावं ही विनंती.

अर्धविराम
डिग्रीच घ्या. डिग्रीशिवाय इंटीरियर डिझायनर म्हणून पाटी लावणं कायद्याने गुन्हा आहे. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. उद्या कुणी तक्रार केली तर दुकान बंद.

नकाशा
@अर्धविराम, तुम्ही सांगताय तो कायदा आर्किटेक्टांचा. १९७२ चा आर्किटेक्ट्स अॅक्ट. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, एवढंच त्यात आहे. इंटीरियर डिझायनर या नावाला तसं संरक्षण नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावतो आणि लावतातच. भिंती पाडायच्या, बीमला हात लावायचा तर मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय काही करू नये.

मावशी, कॉमर्सला गणित नसेल तर बी.आर्कचा विचार सोडा, त्याला बारावीचं गणित लागतं. बी.डेस.ला बहुतेक ठिकाणी कोणतीही शाखा चालते. निफ्टलाही चालते. तिथे लेखी परीक्षेबरोबर चित्रकलेचा पेपर असतो आणि पुढच्या फेरीत हाताने वस्तू बनवून दाखवायची असते.

अर्धविराम
असेल, पण लोक डिग्री बघतातच.

सदाशिवनगर_फ्लॅट
चांगला धागा. विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या टू बीएचकेच्या किचनला एकाने एक आकडा दिला आणि दुसऱ्याने त्याच्या जवळपास दुप्पट. दोघेही म्हणतात मरीन प्लाय. कोणाला द्यावं?

रंधा
@सदाशिवनगर, तुमच्या किचनकडे नंतर येतो.

मावशी, मी सुतारकामाचा ठेकेदार. बावीस-पंचवीस वर्षं डिझायनर लोकांची ड्रॉइंगं हातात घेऊन कामं केलीत. डिग्रीवाले बघितले, कोर्सवाले बघितले, कुणाकडे बसून शिकलेलेही बघितले. कोण किती पाण्यात आहे ते मला एका कपाटात कळतं. कसं ते सांगतो.

मागच्या वर्षी एका स्टुडिओतून नवीन मुलगी साइटवर आली, चांगल्या कॉलेजची. बेडरूममध्ये वॉर्डरोब, सात फूट रुंद, सात फूट उंच, दोन फूट खोल. थ्रीडी असा सुंदर की घरमालकीण बघतच राहिली. प्लाय किती मागवायचं ते मुलीने काढून आणलं होतं. चार उभ्या फळ्या सात बाय दोनच्या, म्हणजे ५६ चौरस फूट. वरची-खालची मिळून २८. आठ खण साडेचार-साडेचार चौरस फुटांचे, ते ३६. दारं ४९. बेरीज १६९. शीट आठ बाय चारची, म्हणजे ३२ फूट. भागाकार सव्वापाच, तिने धरल्या साडेपाच. गणित बरोबर आहे.

आता कापायला बसा. चार फुटांच्या रुंदीतून दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतात. पट्टी आठ फूट लांब, तुकडा सात फुटांचा, एक फूट प्रत्येक वेळी वाया. चार उभ्या फळ्यांना दोन शीट गेल्या. वर-खालला एक. खण सव्वादोन फुटांचे, एका पट्टीत तीन बसतात, आठ खणांना तीन पट्ट्या म्हणजे दीड शीट. दारं चार, पावणेदोन फूट रुंद, एका शीटमध्ये दोनच. म्हणजे आणखी दोन. झाल्या साडेसहा, आणि दोन ड्रॉवर तिने धरलेच नव्हते. सात शीट. शिवाय पाठीला ६ एमएमच्या दोन वेगळ्या.

शीट समजा तीन हजारांची. एका कपाटाला दीड शीट चुकली म्हणजे साडेचार हजार. घरात तीन कपाटं आणि टीव्ही युनिट असलं की नव्या माणसाची फी त्यातच जाते. घरमालकाला सांगितलेला आकडा वाढवायला तोंड नसतं.

दुसरं, करवतीची जाडी. चार फुटांतून दोन-दोन फुटांच्या पट्ट्या कागदावर निघतात. पात्याने तीन एमएम खाल्ले की दोन फूट पुरे भरत नाहीत. म्हणून खोली पहिल्यापासून थोडी कमी धरायची. हे कुठल्या वर्गात सांगत असतील तर माझ्यापर्यंत आलेल्यांनी ऐकलेलं नाही.

काय_बे_दोस्ता
रंधाभाऊ, मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि मला हा हिशोब आत्ता कळालाय. आमच्या घरातल्या कपाटाला नऊ शीट लागल्या होत्या, त्या दोन कुठे गेल्या तेवढं सांगा की.

रंधा
दोन शीट मिस्त्रीच्या घरच्या देव्हाऱ्यात गेल्या असतील 😄

अर्धविराम
हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं. कटिंगचा नकाशा एका मिनिटात निघतो. त्यासाठी सुताराकडे वर्षभर बसायची काय गरज?

रंधा
निघतो की. आम्हीही वापरतो. पण त्याला आधी सांगावं लागतं की पात्याची जाडी किती आणि लॅमिनेटच्या रेषा उभ्या जायला पाहिजेत की आडव्या. लाकडाच्या रेषांचं लॅमिनेट असेल आणि हे सांगितलं नाही, तर ते शीट वाचवायला एक दार उभं आणि एक आडवं टाकून देतं. कपाट उभं राहिल्यावर दिसतं.

आणि माप कोण घेणार? सात फुटांची भिंत खाली सात फूट असते, वर पाऊण इंच कमी. बेळगावातल्या जुन्या घरांत तर हमखास. खाली, मध्ये, वर अशी तीन मापं घ्यायची आणि सगळ्यात लहान धरायचं. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला जमिनीचे दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे नाहीत तर खोली तिरकी. मशीनवर तयार होऊन येणाऱ्या कपाटाला हे फार महत्त्वाचं, कारण ते साइटवर रंधून बसवता येत नाही.

मावशी, तुम्ही खानापूरच्या म्हणून एक सांगतो. तुमच्याकडचा पाऊस वेगळा. दाराला बाहेरून १ एमएमचं लॅमिनेट आणि आतून नुसता रंग दिला, की एका बाजूने ओल शिरते आणि दुसऱ्या बाजूने नाही. श्रावणापर्यंत दार बाक घेतं. वरचा कोपरा पुढे आला, बिजागरी कितीही पिळली तरी बसत नाही, म्हणजे हेच झालंय असं समजायचं. दाराला दोन्ही अंगांनी लॅमिनेट लागतं, आतलं पातळ चालतं. डिझायनरने ड्रॉइंगवर हे लिहिलं नाही तर मिस्त्री पैसे वाचवणारच.

काजबटण
माझं शहापुरात बुटीक आहे, त्यामुळे फॅशनच्या बाजूने लिहिते. रंधाभाऊंचं कपाट वाचताना मला आमचं कटिंगचं टेबल दिसत होतं, आमच्याकडेही सगळा खेळ पन्ह्याचाच.

माझ्याकडे फॅशनचा तीन वर्षांचा कोर्स केलेली मुलगी आली. स्केच अप्रतिम. गिऱ्हाईक खणाचा कटोरी ब्लाउज मागत होतं, छत्तीसचं माप. मुलीने नेहमीच्या सवयीने ८० सेंटिमीटर कापड सांगितलं. ४४ इंची पन्ह्याला ते बरोबर आहे, पाठ आणि पुढचा भाग शेजारी-शेजारी बसतात. पारंपरिक खणाचा पन्हा त्याहून बराच कमी, माझ्याकडे येतो तो ३१ इंचांच्या आसपास. पाठीलाच २२ गेले. उरलेल्या नऊ इंचांत पुढचा भाग बसत नाही, तो खाली सरकवावा लागतो. मग बाह्या त्याच्याही खाली. म्हणजे एक मीटर दहा सेंटिमीटर झालं. वर कटोरी उरेब कापायची म्हटली की खणाची बुट्टी तिरकी होते आणि शेजारच्या सरळ बुट्टीबरोबर डोळ्याला खुपते. ती सरळ कापून चुणीवर फिटिंग आणायचं की उरेब ठेवून नक्षी तिरकी चालवून घ्यायची, हे गिऱ्हाइकाला आधी विचारायचं असतं. मी सव्वा मीटर घेते.

गिऱ्हाइकाने कापड आणून दिलेलं असतं, गुळेदगुड्डहून कुणीतरी हौसेने आणलेलं. कमी पडलं तर परत मिळत नाही.

त्यामुळे मी कुणालाही पहिले तीन महिने मांजरपाटावरच कापायला लावते. ती मुलगी आता उत्तम कापते. पण तिचे आईवडील अजून मला विचारतात, तीन वर्षं कॉलेजला घातली ती कशाला?

एचएसआर_लेआउट
मी मूळची चिकोडीची, बेंगळूरुला निफ्टमधून चार वर्षं केलं. इथे सगळे डिग्रीवर तुटून पडलेत म्हणून लिहिते.

फॅशनच्या डिग्रीकडून शिवणकामाची अपेक्षा करणं चूक आहे. मला शिवता येतं, पण काजबटण ताईंच्या कारागिराएवढं कधीच येणार नाही. माझी नोकरी एका निर्यात करणाऱ्या कंपनीत आहे. एकच कुर्ता सहा मापांत हजारोंनी जातो. कापड धुतल्यावर किती आटेल, बटण ओढून निघतं का, एका कापडाच्या गठ्ठ्यातला रंग दुसऱ्याशी जुळतो का, हे सगळं माझ्या सहीने पुढे जातं. तिथे बुटीकमध्ये दहा वर्षं काढलेल्या बाईला मुलाखतीलाच बोलवत नाहीत, कारण पहिली चाळणी डिग्रीची. हे योग्य आहे का, तो वेगळा वाद. पण आहे हे असं.

भाचीला बेळगावातच राहायचं असेल आणि स्वतःचं करायचं असेल, तर चार वर्षांच्या खर्चाचा उपयोग फार कमी. बाहेर जाऊन कंपनीत नोकरी करायची असेल तर डिग्रीला पर्याय नाही. आणि खासगी कॉलेजला फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या पाच मुली कुठे काम करतात ते त्यांच्याकडूनच विचारा, कॉलेजकडून नाही.

सदाशिवनगर_फ्लॅट
मरीन प्लायचं कुणी सांगेल का?

टिळकवाडीची_ताई
मी इंटीरियरची पदविका केली, दोन वर्षं एका स्टुडिओत काढली आणि मग स्वतःचं सुरू केलं. रंधाभाऊ म्हणतात ते सगळं खरं, पण स्वतःचं काम बुडतं ते कापाकापीत कमी आणि पैशांच्या रचनेत जास्त. कुणी हे सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पैसे घेण्याच्या दोन पद्धती. पहिलीत फक्त डिझाइनची फी. समजा ९०० फुटांचा फ्लॅट आणि फुटाला ६० रुपये, म्हणजे ५४ हजार. ड्रॉइंगं देते, साइटवर येते, मिस्त्रीला आणि दुकानाला पैसे मालक देतो. बेळगावात अशी फी द्यायला लोक सहज तयार होत नाहीत. ‘कागदाचे पैसे?’ असं तोंडावर विचारतात.

म्हणून सगळे दुसरीकडे वळतात, माल-मजुरीसकट पूर्ण काम. आठ लाखांचं काम, त्यात बारा टक्के सुटले तर ९६ हजार. ऐकायला जवळपास दुप्पट. आता गंमत बघा. शेवटचे दहा टक्के मालक ‘थोडं फिनिशिंग राहिलंय’ म्हणून अडकवतो. ते ८० हजार. हातात राहिले १६, आणि मिस्त्री दारात उभा.

दुसरा खड्डा जीएसटीचा. सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. फी घेणारीने वर्षात सहा फ्लॅट केले तरी सव्वातीन लाख होतात, ती या हद्दीच्या जवळपासही नाही. पूर्ण काम घेणारीचं आख्खं बिल उलाढाल धरलं जातं, सुटलेले बारा टक्के नाही. आठ लाखांचे तीन फ्लॅट केले की २४ लाख, तिसऱ्यातच हद्द ओलांडली. तिथून पुढे १८ टक्के. मालकाशी ठरवताना ते धरले नसतील तर ते आपल्याच खिशातून, आणि आपल्याला सुटणार होते बारा. नोंदणी असेल तर दुकानाच्या पक्क्या बिलातला कर वजा मिळतो, पण इथे मालकच म्हणतो ‘कच्चं बिल घ्या, स्वस्त पडतं.’ मिस्त्रीच्या मजुरीला तर बिलच नसतं.

मी आता फी वेगळी आणि काम वेगळं ठेवते. फीचे चाळीस टक्के आधी, चाळीस ड्रॉइंगं हातात दिल्यावर, वीस फर्निचर उभं राहिल्यावर. कामं कमी मिळतात. झोप लागते.

काय_बे_दोस्ता
आणि प्लायच्या दुकानाचं कमिशन, ताई? ते कुठल्या खात्यात?

टिळकवाडीची_ताई
अपेक्षित प्रश्न 🙂 मी घेत नाही. दुकानदार मालकाला तेवढी सूट देतो, तसं मालकासमोरच ठरवते.

रंधा
ताई, तुम्ही घेत नसाल, मी मानतो. पण सगळ्यांनाच जमत नाही. फी कुणी देत नाही म्हणून नवा माणूस कमिशनवर जगतो. मग ज्या दुकानात जास्त मिळतं तोच प्लाय चांगला ठरतो. मला हे बरोबर वाटत नाही, पण ५४ हजारांची फी नाकारणाऱ्या मालकाला यावर बोलायचा हक्क आहे असंही वाटत नाही.

नकाशा
असहमत. मालकाला माहीतच नसेल तर ती फी नाही, फसवणूक आहे. फी कमी मिळते म्हणून लपवून घेणं बरोबर कसं?

रंधा
साइटवर या एकदा, मग बोलू.

सीमाभागी
वरचं बरंच वाचलं. मावशींना एक वेगळी माहिती. महाराष्ट्रातल्या सीईटीच्या इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर वगैरे प्रवेशांत सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप ई’ नावाची वेगळी पात्रता आहे. दहावी-बारावी इथे झालेली असली तरी अर्ज करता येतो. भाचीच्या डिझाइन कोर्सला ती लागू आहे का ते त्या त्या माहितीपत्रकात बघा, खासगी विद्यापीठांचं सगळं वेगळं असतं. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी लिहिलंय ना ते आजच तपासा. ऐनवेळी दाखला दुरुस्त करायला धावणारे बघितलेत.

अर्धविराम
म्हणजे शेवटी डिग्रीच, हेच मी म्हणत होतो.

खानापूरची_मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला वाचून दाखवलं, कपाटाचा हिशोब तिने वहीत परत करून बघितला. ती आता म्हणते आधी वर्षभर स्टुडिओत बसते. भाऊजींचं म्हणणं, बसायचं तर सरकारी अप्रेंटिसशिप तरी असावी, कागद मिळतो आणि पगारही. असं होतं का? की चहा आणायला ठेवून घेतील?

नकाशा
अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असतील तिथे अप्रेंटिस घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. बेळगावातले बहुतेक स्टुडिओ म्हणजे मालक, एक ड्राफ्ट्समन आणि हिशोबाला मेहुणा. त्यांना त्यात बसताच येत नाही. नोंदणीची अप्रेंटिसशिप हवी तर मोठा फर्निचर कारखाना किंवा कपड्यांची फॅक्टरी शोधावी लागेल. तिथे कागद मिळेल, पण काम एकाच टेबलावरचं.

रंधा
कागद नसला तरी चालेल, पण काय शिकवणार ते आधी ठरवून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर स्टुडिओवाल्याला तीनच गोष्टी विचारल्या असत्या. साइटवर माप घ्यायला पोरीला नेणार का? प्लायची आणि हार्डवेअरची ऑर्डर कधीतरी तिच्या हाताने जाणार का? आणि मालकाला दिलेलं अंदाजपत्रक शेवटच्या बिलाशेजारी ठेवून तिला दाखवणार का? तिसऱ्याला बरेच जण नाही म्हणतील, कारण त्यात कमिशन दिसतं. पहिल्या दोनला नाही म्हणाले तर उठून या, नाहीतर ती वर्षभर थ्रीडीच काढत बसेल. साइटवर निम्मे मिस्त्री राजस्थानचे, हिंदी बोलतात, उरलेले कन्नड. तेवढं कानावर पडू दे तिच्या.

काजबटण
मला हे पटत नाही, रंधाभाऊ. अठरा वर्षांच्या मुलीने मालकाला हे तीन प्रश्न विचारले तर तो तिला ठेवूनच घेणार नाही. माझ्याकडे कुणी पहिल्या दिवशी हिशोबाची वही मागितली तर मीही ठेवणार नाही. आधी सहा महिने काम दाखवू दे, मग मी आपणहून दाखवते. आणि ती साइटवर एकटी कशी जाणार, संध्याकाळची खानापूरची बस किती वाजता, याचा विचार कुणीच केलेला दिसत नाही इथे.

टिळकवाडीची_ताई
काजबटण ताईंच्या शेवटच्या वाक्याला +१. मावशी, सकाळच्या साइट भेटींनाच पाठवा असं ठरवून घेता येतं. माझ्याकडे तसंच आहे. व्यनि करते.

रंधा
@सदाशिवनगर, आता तुमचं. मरीन प्लाय म्हणजे शीटवर आयएस ७१० चा शिक्का. नुसता ३०३ दिसला आणि सोबत एमआर लिहिलं असेल तर ते ओल सोसणारं आहे, पाणी सोसणारं नाही. सिंकखालच्या कपाटाला ते चालत नाही. दोघांनाही लिहून मागा, कुठल्या कपाटाला कुठलं. आणि लॅमिनेट चिकटवण्याआधी जाऊन शिक्का बघा, नंतर तो आत जातो.

सदाशिवनगर_फ्लॅट
धन्यवाद! पण लॅमिनेट कालच चिकटवलं.